फोटोतल्या काउंटरवरचा कीबोर्ड कुठल्या देशाचा, हे कसं ओळखायचं

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाला कोपरखैरण्याच्या एका एजंटने म्युनिकमधल्या दुकानात बिलिंग काउंटरवर नोकरी देतो म्हणून सांगितलंय. 'हीच तुझी जागा' असं म्हणून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलाय. काउंटरवर कीबोर्ड आहे. झूम केल्यावर वरच्या ओळीत Q W E R T Z दिसतं, L च्या शेजारच्या बटणावर é आणि ö अशी दोन अक्षरं वाटतात, कोपऱ्यातल्या बटणावर Ctrl लिहिलंय आणि एंटर उंच आहे. यावरून फोटो खरंच जर्मनीतला आहे का, हे कळेल का? पैसे भरायची मुदत शनिवारपर्यंत आहे.

उत्तर:

तुम्ही वाचलेली अक्षरं बरोबर असतील तर हा कीबोर्ड जर्मनीसाठी बनलेला नाही, स्वित्झर्लंडसाठी बनलेला आहे. पण तेवढ्यावरून एजंट खोटं बोलतोय असं म्हणता येत नाही, आणि कीबोर्ड जर्मन निघाला असता तरी तो खरं बोलतोय असंही ठरलं नसतं. इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. कीबोर्ड कुठल्या बाजारासाठी छापला, याचं उत्तर चांगल्या फोटोवरून बहुतेक वेळा खात्रीने देता येतं. फोटो कुठे काढला, याचं उत्तर कीबोर्ड एकटा कधीच देत नाही. त्यासाठी काउंटरवरच्या बाकीच्या वस्तू त्याच्याशी जुळतात का, ते पाहावं लागतं.

हा फरक का पडतो ते आधी सांगतो. कंपनी बटणांच्या मोजक्याच ठेवणी बनवते आणि देशागणिक त्यांवरची छपाई बदलते. बटण दाबल्यावर कीबोर्ड कॉम्प्युटरला फक्त 'अमुक जागेचं बटण दाबलं' एवढंच कळवतो. त्या बटणावर काय छापलंय, हे कॉम्प्युटरला माहीत नसतं. कुठलं अक्षर उमटायचं ते विंडोजमधली सेटिंग ठरवते. म्हणून स्विस कीबोर्ड ठाण्यातल्या कॉम्प्युटरला जोडला तर तो बिनतक्रार चालतो, फक्त Z छापलेलं बटण दाबलं की Y उमटतो. थोडक्यात, कारखान्यात छापलेली अक्षरं माल कुठे विकायचा होता ते सांगतात. पुढे तो कुठे गेला, याबद्दल ती गप्प असतात.

आता फोटो वाचायची पद्धत. सुरुवात अक्षरांपासून करू नका, कारण धूसर फोटोत डोळा आपल्याला हवं ते अक्षर वाचतो. एजंटने 'जर्मनी' म्हटलेलं कानात असेल तर दोन ठिपके दिसले की आपण ö वाचून मोकळे होतो. आधी बटणांचा आकार पाहा. आकार धूसर फोटोतही टिकतो.

आकारात सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे डावीकडचं शिफ्ट. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या जवळपास सगळ्या कीबोर्डांवर अमेरिकी ठेवण असते. त्यात डावं शिफ्ट लांब असतं, साध्या अक्षराच्या बटणाच्या सव्वादोन पट. युरोपी ठेवणीत ते जेमतेम सव्वापट असतं आणि शिफ्ट व खालच्या ओळीतलं पहिलं अक्षर यांच्यामध्ये एक जादा बटण असतं, ज्यावर बहुधा < आणि > छापलेलं असतं. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर एका बटणाची जागा साधारण १९ मिलिमीटरची धरतात. त्या हिशेबाने अमेरिकी शिफ्ट सुमारे ४३ मिलिमीटर आणि युरोपी सुमारे २४ मिलिमीटर भरतं. फोटो तिरका असला तरी त्याच ओळीतल्या एखाद्या अक्षराच्या बटणाशी शिफ्टची तुलना करा. दोन बटणांपेक्षा लांब दिसलं तर अमेरिकी ठेवण, एखाद्या बटणापेक्षा थोडंच लांब दिसलं तर युरोपी.

तुम्ही एंटर उंच आहे म्हणालात, पण एकट्या एंटरवर विसंबू नका. जुन्या स्वस्त डेस्कटॉप कीबोर्डांमध्ये एंटर मोठं, दोन ओळींचं असतं, पण डावं शिफ्ट लांबच असतं आणि छपाई अमेरिकी. असे कीबोर्ड आपल्याकडे मेडिकलच्या, झेरॉक्सच्या दुकानांत आजही दिसतात. एंटरवरून युरोप ठरवायला गेलात तर इथेच फसाल. एंटर उंच आणि शिफ्ट आखूड, दोन्ही एकत्र असेल तरच पुढे जा. आणि एंटर किंवा आकड्यांचा गट डावीकडे दिसत असेल तर फोटो आरशासारखा उलटलेला आहे. तो आधी सरळ करून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाचन उलटं होईल.

यानंतरही लगेच अक्षरं वाचू नका. कुठल्या बटणावर किती खुणा आहेत ते मोजा. अक्षर ओळखू येत नसलं तरी बटणावर एक डाग आहे की दोन, हे कळतं. अमेरिकी कीबोर्डवर अक्षरांच्या बटणांवर एकच खूण असते आणि आकड्यांच्या बटणांवर दोन. युरोपी कीबोर्डवर काही अक्षरांच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात आणखी एक बारीक खूण असते. तिथलं चिन्ह उजवीकडचं AltGr बटण धरून मिळतं. युरोचं € जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये E च्या बटणावर असतं. ब्रिटनमध्ये ते ४ च्या बटणावर असतं. म्हणून E वर दुसरा डाग दिसला की अमेरिकी आणि ब्रिटिश ठेवण बाद होते. आपल्याकडच्या काही कीबोर्डांवर ४ च्या बटणावर ₹ छापलेलं असतं. त्या जागी खूण दिसली तर ती € आहे की ₹, हे पाहायला विसरू नका. ₹ हे चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं, त्यामुळे ते कारखान्यातच छापलेलं असेल तर कीबोर्ड त्यानंतरचा आहे एवढंही कळतं.

तुमच्या फोटोसाठी खरं मोलाचं बटण Q चं आहे. जर्मन कीबोर्डवर @ हे Q च्या बटणावर असतं, म्हणजे Q वर दोन खुणा दिसतात. स्विस कीबोर्डवर @ हे २ च्या बटणावर असतं आणि Q एकटा असतो. वरच्या ओळीतलं पहिलंच बटण असल्यामुळे ते सापडतं लवकर आणि बहुतेक वेळा हाताखाली झाकलं जात नाही. Q पासून सुरू करा.

आता अक्षरांकडे येऊ. T च्या उजवीकडे Z आणि खालच्या ओळीत डाव्या टोकाला Y, ही ठेवण जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, चेक प्रजासत्ताक, हंगेरी, क्रोएशिया, स्लोव्हेनिया अशा बऱ्याच देशांत चालते. त्यामुळे नुसतं Q W E R T Z वाचून 'जर्मन' म्हणणं घाईचं आहे. फोटोत Y ची जागाही तपासा. T शेजारचं अक्षर धूसर असेल तर Y आणि Z यांत गल्लत होते, पण खालच्या ओळीत शिफ्टच्या अंगाला Y सापडला की शंका उरत नाही.

पुढे तीन जागा बघायच्या: शून्याच्या उजवीकडे काय आहे, P च्या उजवीकडे काय आहे आणि L च्या उजवीकडे काय आहे. जर्मन कीबोर्डवर शून्याशेजारी ß असतो, P शेजारी Ü, आणि L शेजारी Ö व Ä. प्रत्येक बटणावर एकच अक्षर आणि तेही मोठ्या लिपीत. स्विस कीबोर्डवर शून्याशेजारी ? आणि ' असतात, ß कुठेच नसतो. P शेजारच्या बटणावर ü आणि è, L शेजारच्या बटणावर ö आणि é, त्याच्या पुढच्या बटणावर ä आणि à, अशी प्रत्येकी दोन अक्षरं असतात. कारण असं की स्वित्झर्लंडमध्ये जर्मन आणि फ्रेंच दोन्ही भाषा चालतात आणि एकाच छपाईवर दोघांचं भागवलं जातं. जर्मन भाषिक भागात साधं बटण दाबलं की ö येतो आणि शिफ्ट धरून é येतो. फ्रेंच भाषिक भागात याच्या उलट. ß नाही, कारण स्वित्झर्लंडच्या जर्मन लिखाणात ß वापरतच नाहीत, त्याऐवजी ss लिहितात.

तुम्हाला L शेजारी दोन अक्षरं दिसली, ही म्हणूनच मोठी गोष्ट आहे. पण एक शंका दूर करायला हवी. हंगेरीच्या कीबोर्डवरही Z वर आणि Y खाली असतो आणि L च्या लगेच उजवीकडे É असतो. धूसर फोटोत एक É आणि शेजारच्या बटणावरचा Á मिळून दोन अक्षरं एकाच बटणावर असल्याचा भास होऊ शकतो. फरक असा की हंगेरियन कीबोर्डवर Ö खाली L जवळ नसून वर आकड्यांच्या ओळीत असतो. ९ नंतर Ö, Ü, Ó अशी तीन बटणं येतात आणि शून्य १ च्याही डावीकडे, अगदी कोपऱ्यात जातं. तुमच्या फोटोत ९ च्या उजवीकडे शून्य दिसत असेल तर हंगेरी बाद.

मग ४ चं बटण पाहा. जर्मन कीबोर्डवर ४ च्या वर $ असतं. स्विस कीबोर्डवर तिथे ç असतो. Q, T, Z या गटातल्या ज्या ठेवणी तुमच्या फोटोसाठी शक्य आहेत, त्यांच्यात ४ वर ç सापडला की मी स्वित्झर्लंडपाशी थांबतो. ç धूसर फोटोत खाली शेपटी असलेल्या c सारखा दिसतो, आणि $ ला वर-खाली दोन्हीकडे टोक असतं. शेजारच्या ३ वर जर्मन कीबोर्डवर § असतं आणि स्विसवर * आणि #.

बिलिंग काउंटर असल्यामुळे कीबोर्ड बहुधा उजवीकडे आकड्यांचा गट असलेला, पूर्ण आकाराचा असेल. तसा असेल तर एक जागा फार कामाची आहे: त्या गटातल्या शून्याच्या उजवीकडचं छोटं बटण. जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, म्हणून जर्मन कीबोर्डवर त्या बटणावर , छापलेलं असतं. स्वित्झर्लंडमध्ये तिथे टिंब असतं. आपल्याकडेही टिंबच. खूण बारीक आहे, पण हा भाग मोकळा असतो आणि झूम केल्यावर अनेकदा वाचता येतो.

आता Ctrl. जर्मनीसाठीच्या साध्या विंडोज कीबोर्डवर कंट्रोलच्या बटणावर Strg असतं, डिलीटवर Entf, इन्सर्टवर Einfg, होमवर Pos1 आणि एंडवर Ende. स्विस कीबोर्डवर चार भाषांच्या देशात एकीचे शब्द छापणं गैरसोयीचं, म्हणून बहुधा Ctrl, Home असे इंग्रजी शब्द असतात. तुमचं Ctrl त्यामुळे स्वित्झर्लंडशी जुळतं. पण शब्द हा पुरावा मी शेवटी धरतो, आधी नाही. ॲपलच्या जर्मन कीबोर्डवरही Strg नसतं, आणि काही कंपन्या शब्दांऐवजी बाणांची चिन्हंच छापतात. Strg दिसलं तर तो जर्मन भाषेचा पक्का पुरावा. Strg दिसलं नाही तर त्यावरून काही ठरत नाही. आणि Strg असला तरी जर्मनी की ऑस्ट्रिया, हे कळत नाही, कारण दोन्हीकडे तोच कीबोर्ड चालतो. तसंच स्विस ठेवण लिख्टेनश्टाइन आणि लक्झेंबर्गमध्येही वापरात आहे.

तर तुमच्या भावाच्या फोटोत आखूड शिफ्ट, एकटा Q, ४ वर ç, L शेजारी दोन-दोन अक्षरं आणि शून्याशेजारी ß नाही, एवढं जुळलं तर कीबोर्ड स्विस बाजाराचा आहे हे मी ठामपणे सांगेन. म्युनिकच्या दुकानात असा कीबोर्ड असणं अशक्य नाही, पण खटकतं नक्की. जर्मनीतल्या पत्त्यात रस्त्यासाठीच्या Straße या शब्दातच ß येतो, ग्राहकांच्या नावांतही येतो, आणि बिलावर रोज हे टाइप करावं लागतं. जर्मन कीबोर्ड तिथल्या कुठल्याही दुकानात मिळत असताना मालक स्विस कीबोर्ड का ठेवेल, हा प्रश्न एजंटला विचारण्यासारखा आहे.

पण इथेच थांबून निष्कर्ष काढू नका, कारण तिसरी शक्यता तुमच्या-आमच्या शेजारची आहे. युरोपातल्या कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले लॅपटॉप आणि कीबोर्ड मोठ्या संख्येने भारतात येतात आणि लॅमिंग्टन रोडपासून वाशी, ठाणे स्टेशनबाहेरच्या सेकंड हँड दुकानांपर्यंत पोचतात. मुंब्रा-कौसा भागात आखातातून परतलेल्यांच्या घरी अरबी अक्षरांचे लॅपटॉप सहज दिसतात. त्यावरून कुणी तो फोटो दुबईचा म्हटला तर चुकेल. म्हणजे स्विस कीबोर्ड असलेलं काउंटर घणसोलीत उभं करून फोटो काढता येतो, आणि असा फोटो कुणी मुद्दाम काढला नसला तरी एखाद्या विक्रेत्याच्या जाहिरातीतून उचललेला असू शकतो.

इथे आलेल्या कीबोर्डांवर आपल्या बाजाराच्या खुणा उमटतात, त्या ओळखायला शिका. काही विक्रेते युरोपी कीबोर्डची जुनी अक्षरं घासून काढून नव्याने अमेरिकी अक्षरं छापून देतात. काही नुसते स्टिकर लावतात. छपाई बदलली तरी बटणांचा आकार बदलत नाही. म्हणून छपाई अमेरिकी पण डावं शिफ्ट आखूड आणि एंटर उंच, असा मेळ न बसणारा कीबोर्ड दिसला तर तो युरोपातून येऊन दुसऱ्या बाजारात विकला गेलाय असं समजा. स्टिकर ओळखण्याची खूण म्हणजे कडा: बटणाच्या पृष्ठभागापेक्षा किंचित लहान चौकोन, वेगळी चमक, एखादं थोडं वाकडं बसलेलं, आणि सतत वापराच्या बटणांवर कोपरा उचललेला.

स्टिकरला मी छापील अक्षरापेक्षा जास्त महत्त्व देतो, कारण तो कारखान्यात लागत नाही, वापरणाऱ्याच्या गरजेने लागतो. फोटोत देवनागरी स्टिकर असतील तर तो कीबोर्ड अशा माणसाच्या हाताखाली आहे ज्याला देवनागरी टाइप करायचंय. कुठल्या पद्धतीने, तेही कळतं. K वर क असेल तर ती इन्स्क्रिप्ट ठेवण. डावीकडे मात्रा-काने, उजवीकडे व्यंजनं, अशी तिची विभागणी असते. D वर क आणि K वर काना असेल तर ती टाइपरायटरवरून आलेली रेमिंग्टन ठेवण. टायपिंगच्या क्लासमध्ये शिकलेल्यांना आणि कोर्टाजवळच्या टायपिस्टना हीच हाताला बसलेली असते. इन्स्क्रिप्टमध्ये गुजराती, बंगाली, तमिळ अशा सगळ्या लिप्यांना क त्याच K वर मिळतो, म्हणून लिपी कुठली ते वाचूनच भाषेकडे जायचं. देवनागरी स्टिकरवरून मराठी की हिंदी, हे मात्र सांगता येत नाही, कारण ळ दोन्हीच्या स्टिकर संचांत असतो. तुमच्या फोटोत असा एखादा स्टिकर असेल, अगदी एकच, तर म्युनिकच्या गोष्टीवर मोठी शंका येते. नसेल तर त्याचा अर्थ काही नाही, कारण आपल्या बहुतेक काउंटरवरही स्टिकर नसतात. बिलं इंग्रजीत होतात.

आता कीबोर्ड सोडून त्याच्या हातभर अंतरातलं बघा. कीबोर्डशी जुळतं की नाही, एवढाच प्रश्न मनात ठेवा. स्क्रीनवर किमती असतील तर आकडे कसे लिहिलेत ते पाहा. जर्मनीत बाराशे पन्नास युरो 1.250,00 € असे लिहितात, म्हणजे हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम. स्वित्झर्लंडमध्ये 1'250.00 असं वर स्वल्पविराम देऊन लिहितात, सोबत CHF किंवा Fr. असतं. आपल्याकडे लाखाची रक्कम असेल तर 1,25,000.00 अशी दोन-दोन आकड्यांची विभागणी लगेच उघडी पडते. विंडोजच्या खालच्या पट्टीत घड्याळाजवळ दोन ओळींत ENG आणि खाली IN असं लिहिलेलं असेल तर त्या कॉम्प्युटरवर भारतातली इंग्रजी ठेवण निवडलेली आहे. म्युनिकच्या दुकानाच्या काउंटरवर तशी निवड करायचं कुणालाच कारण नाही.

भिंतीवरचा सॉकेट तर कीबोर्डपेक्षाही खरा बोलतो, कारण तो कुणी बॅगेतून आणत नाही. जर्मनीत खोलगट गोल सॉकेट असतो, आत दोन भोकं आणि कडेला दोन धातूच्या पट्ट्या. स्वित्झर्लंडमध्ये लहान, चपट्या षटकोनासारखा आकार आणि तीन बारीक गोल भोकं असतात, मधलं किंचित सरकलेलं. आपल्याकडची तीन जाड पिनांची मांडणी तुम्हाला माहीतच आहे. सॉकेट आणि कीबोर्ड दोन्ही स्विस निघाले तर फोटो स्वित्झर्लंडचा आहे आणि एजंटचं 'म्युनिक' चुकीचं आहे. सॉकेट आपला आणि कीबोर्ड स्विस निघाला तर तुमचं काउंटर इथलंच आहे. सॉकेट जर्मन आणि कीबोर्ड स्विस असेल तर म्युनिक शक्य आहे आणि कीबोर्डचं कारण विचारायचं.

हे सगळं वाचायला फोटोचा दर्जा हवा. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो आणि बारीक खुणा पुसल्या जातात. एजंटला तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. तो मूळ आकारात येतो आणि फोटो कधी, कुठल्या फोनने काढला ही माहितीही त्यात राहिलेली असू शकते. फोटो धूसर असेल तर तो 'क्लिअर' करून देणाऱ्या ॲपमध्ये टाकू नका. अशी ॲप पुसलेल्या जागी स्वतःच्या अंदाजाने रेषा भरतात आणि ठिपक्याचं ö किंवा é बनवून देतात. वाचायचं ते मूळ फोटोवरच, आणि जे वाचता येत नाही तिथे 'वाचता येत नाही' असंच लिहायचं. कागदावर ओळीनुसार बटणांचे चौकोन काढा, प्रत्येकात दिसलेल्या खुणांची संख्या लिहा, आणि अक्षर ज्यात पक्कं दिसतं तिथेच लिहा. भावालाही वेगळा, न बोलता, हाच कागद भरायला द्या. दोघांचं जिथे जुळतं तेवढंच धरा.

त्याहून सोपं म्हणजे एजंटला त्या काउंटरवरून व्हिडिओ कॉल लावायला सांगणं. कॅमेरा आधी कीबोर्डवर, मग तिथून न थांबता सॉकेटवर, मग दाराबाहेर रस्त्यावर न्यायला सांगा. वेळेचाही विचार करा: म्युनिक आपल्यामागे हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास असतं. इथे सकाळचे दहा वाजलेले असताना तिथे साडेपाच किंवा साडेसहाच वाजलेले असतात आणि बहुतेक दुकानं बंद असतात. कॉल ठेवताना ही वेळ मुद्दाम निवडा.

कीबोर्डचा निकाल काहीही लागला तरी शनिवारपूर्वी एक काम करा, कारण त्याला फोटो लागतच नाही. परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असावी लागते. emigrate.gov.in वर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. एजंटकडून नोंदणी क्रमांक लेखी मागा, यादीत शोधा, आणि तिथल्या पत्त्याशी कोपरखैरण्याचा पत्ता ताडून पाहा. क्रमांक द्यायला टाळाटाळ केली तर पैसे देऊ नका, फोटोतला सॉकेट जर्मन असला तरी.

४ च्या बटणाचा आणि आकड्यांच्या गटातल्या शून्याशेजारच्या बटणाचा कापलेला, मूळ आकारातला तुकडा इथे टाकलात तर मी पाहून सांगतो. फोटोत कुणाचा चेहरा किंवा बिलावर ग्राहकाचं नाव असेल तर ते आधी झाका.